प्रिंट निघते, पण इंटरनेट नाही

प्रिंटरला पान पाठवलं की ते लगेच बाहेर येतं. शेजारच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरमधलं फोल्डर उघडतं, सीसीटीव्हीचं चित्रही दिसतं. ब्राउझर उघडला की मात्र इंटरनेट नाही. अशा वेळी बहुतेक जण आधी राउटर बंद-चालू करतात, मग केबल काढून पुन्हा घालतात आणि शेवटी इंटरनेटवाल्याला फोन लावतात. तो विचारतो, "मोबाइलवर चालतंय का?" चालत असतं. "मग लाइन ओके आहे, तुमच्या पीसीतच काहीतरी असेल," असं म्हणून तो फोन ठेवतो. आपल्याला राग येतो, पण त्याचं म्हणणं बहुधा बरोबर असतं.

खरं म्हणजे हा बिघाड बराच बोलका आहे. प्रिंट निघते याचा अर्थ केबल धड आहे, नेटवर्क कार्ड धड आहे, मधला स्विच धड आहे आणि कॉम्प्युटरला पत्ताही जागेवरचाच मिळालेला आहे. एवढ्या गोष्टी तपासायची गरजच उरत नाही. घरातल्या घरात सगळं पोहोचतंय, दाराबाहेर पडता येत नाहीये. मग प्रश्न एवढाच राहतो, की हा कॉम्प्युटर दार म्हणून कोणाकडे बघतोय? याचं उत्तर त्याने स्वतःच लिहून ठेवलेलं असतं. त्या नोंदीला राउटिंग टेबल म्हणतात, आणि ती वाचायला इंजिनिअर असावं लागत नाही.

कोल्हापुरातल्या एका छोट्या छपाईखान्यात पाहिलेलं उदाहरण सांगतो. तिथे टेलिफोनच्या तारेवरचं जुनं ब्रॉडबँड काढून फायबर घेतलं. फायबरवाल्याने नवा डबा भिंतीवर बसवला. जुना राउटर मालकांनी टाकून दिला नाही. मागच्या कटिंगच्या खोलीत मोबाइलला रेंज येत नाही, तिथे वायफायपुरता तो राहू दे म्हणाले. जोडणाऱ्या मुलाने काम नीट केलं होतं. जुन्या राउटरचा पत्ता `192.168.1.1` होता. एकाच नेटवर्कमध्ये दोन डबे एकाच पत्त्यावर बसले तर भांडण ठरलेलं, म्हणून त्याने नव्या डब्याला `192.168.1.254` हा पत्ता दिला. सगळ्यांना पत्ते वाटण्याचं कामही जुन्याकडून काढून नव्याकडे दिलं. मोबाइल, लॅपटॉप, डिझाइनचा कॉम्प्युटर, सगळ्यांवर इंटरनेट सुरू झालं. फक्त काउंटरवरचा बिलिंगचा कॉम्प्युटर बाहेर जाईना.

याच कॉम्प्युटरवर बिलांच्या सॉफ्टवेअरचा सगळा डेटा होता आणि बाकीचे कॉम्प्युटर त्याच्या पत्त्यावरून तो उघडत. पत्ता रोज बदलून चालणार नव्हतं, म्हणून पूर्वी कधीतरी कोणीतरी तो हाताने टाकून पक्का केला होता, `192.168.1.25`. छोट्या ऑफिसात हे सर्रास करतात आणि त्यात वावगं काही नाही. मात्र हाताने पत्ता टाकताना त्याच चौकटीत आणखी दोन गोष्टी हाताने टाकाव्या लागतात, गेटवे आणि डीएनएस. त्या एकदा टाकल्या की कोणाच्या लक्षात राहत नाहीत.

विंडोजमध्ये स्टार्टवर `cmd` टाइप करून काळी खिडकी उघडायची आणि ही आज्ञा द्यायची:

```
route print -4
```

पडद्यावर बरंच काही येतं. त्यातल्या कामाच्या ओळी छपाईखान्यात अशा होत्या:

```
Network Destination  Netmask        Gateway      Interface     Metric
0.0.0.0              0.0.0.0        192.168.1.1  192.168.1.25  281
192.168.1.0          255.255.255.0  On-link      192.168.1.25  281

Persistent Routes:
0.0.0.0              0.0.0.0        192.168.1.1  Default
```

आधी दुसरी ओळ घेऊ, कारण ती सोपी आहे. `192.168.1.0` आणि त्यापुढचा `255.255.255.0` हा मास्क मिळून सांगतात, की ज्या पत्त्याचे पहिले तीन आकडे `192.168.1` आहेत तो आपल्याच नेटवर्कमधला. मास्कमध्ये जिथे 255 आहे तिथला आकडा जुळलाच पाहिजे, जिथे 0 आहे तिथे काहीही चालतं. पुढे `On-link` लिहिलंय, म्हणजे मध्यस्थ नको, थेट द्या. प्रिंटर `192.168.1.50` वर आहे, म्हणून त्याचं पान या ओळीने जातं. त्यात राउटरची वाट दाखवण्याची काही भूमिकाच नाही. गेटवे चुकीचा असो वा नसोच, छपाई चालू राहते ती यामुळे.

पहिल्या ओळीत सगळीकडे शून्यं आहेत. मास्कमध्ये एकही 255 नाही, म्हणजे जुळवायचं काहीच नाही, कुठलाही पत्ता इथे बसतो. घरखर्चाच्या वहीत 'किरकोळ' नावाचा रकाना असतो, कुठेच न बसणारं जिथे टाकतात, तसाच हा. जगातली एकूण एक वेबसाइट या रकान्यात जाते. प्रिंटरचा पत्ताही तसा या ओळीत बसतोच, पण नियम असा आहे की दोन ओळी जुळल्या तर ज्या ओळीचा मास्क जास्त नेमका तिला मान द्यायचा. हा नियम ध्यानात ठेवा. पुढे त्याचा उपयोग करून घेणार आहोत.

या ओळीतला गेटवे `192.168.1.1` आहे. हा मागच्या खोलीतला जुना राउटर. त्याच्या इंटरनेटच्या बाजूची तार कापलेली आहे. कारण इथेच समोर आलं. ज्याला नव्या डब्याचा पत्ता माहीत आहे त्याला पुढचं काही करायची गरजही नाही. माहीत नसेल तर शेजारच्या चालत्या कॉम्प्युटरवर `ipconfig` द्या आणि दोन्हीकडची `Default Gateway` ही ओळ ताडून बघा. डिझाइनच्या कॉम्प्युटरवर तिथे `192.168.1.254` होतं. चालता आणि बंद असे दोन नमुने शेजारी शेजारी असताना तर्क लढवत बसण्यात अर्थ नाही.

ओळीतला आणखी एक आकडा काही सांगतो, शेवटचा 281. त्याला मेट्रिक म्हणतात, कमी मेट्रिकची वाट विंडोज आधी धरतो. आताच्या विंडोजमध्ये गिगाबिट केबलच्या जोडणीचं मेट्रिक साधारण २५ धरलं जातं. गेटवे हाताने टाकलेला असेल तर त्यात २५६ मिळवले जातात, म्हणून 281. राउटरकडून आपोआप मिळाला असता तर नुसते 25 दिसले असते. खालच्या `Persistent Routes` मध्ये तोच गेटवे पुन्हा आहे, हीसुद्धा हाताने टाकल्याची खूण. आपोआप मिळालेला गेटवे तिथे येत नाही. "आमच्याकडे कोणी सेटिंगला हात लावलेला नाही" हे वाक्य दर दुसऱ्या दुकानात ऐकू येतं, तेव्हा या दोन खुणांकडे बोट दाखवता येतं.

गेटवे चुकला हे टेबलमधून कळतं, पण तो कसा चुकला आहे हे कळायला पिंग करून बघावं लागतं. नाव न देता आकड्यांचा पत्ताच द्यायचा, म्हणजे डीएनएसचा गोंधळ मध्ये येत नाही. गूगलचा `8.8.8.8` लक्षात राहायला सोपा:

```
ping 8.8.8.8
```

इथे बहुतेक जण फक्त उत्तर आलं की नाही एवढंच बघतात. बघायचं असतं ते उत्तर कोणाच्या नावाने आलं हे. छपाईखान्यात असं आलं:

```
Reply from 192.168.1.1: Destination net unreachable.
```

म्हणजे सामान जुन्या राउटरपर्यंत पोहोचलं आणि तो म्हणाला, पुढे जायला मला वाट नाही. त्याच्या पोटातही असंच एक टेबल असतं. टेलिफोनची तार गेल्यावर त्यातली शून्यांची ओळ नाहीशी झाली. हे उत्तर फसवतं अशासाठी, की विंडोज त्याला पोच म्हणून मोजतो आणि खाली `Received = 4, Lost = 0 (0% loss)` असं दिमाखात लिहितो. नुसती शेवटची ओळ वाचणारा माणूस इंटरनेट चालू असल्याची खात्री करून उठतो.

उत्तर `Reply from 192.168.1.25: Destination host unreachable.` असं आलं असतं तर? `192.168.1.25` हा आपलाच पत्ता. म्हणजे आपला कॉम्प्युटरच सांगतोय की गेटवे म्हणून लिहिलेल्या पत्त्यावर हाक मारली, कोणी ओ दिली नाही. जुना राउटर काढून कपाटात ठेवला असता तर हे दिसलं असतं. आणि `PING: transmit failed. General failure.` असं आलं तर बहुधा शून्यांची ओळच नसते, गेटवेची चौकट कोरी राहिलेली असते. नुसतं `Request timed out.` आलं तर मात्र त्यातून फारसं हाती लागत नाही. काही राउटर वाट नसली तरी तसं कळवत नाहीत, सामान गुपचूप टाकून देतात.

जुन्या राउटरने आपल्याकडचं सामान मुळात घेतलंच का, असा प्रश्न पडेल. कारण गेटवेचा आयपी पत्ता पाकिटावर कुठेच लिहिलेला नसतो. पाकिटावर शेवटच्या ठिकाणाचा आयपी पत्ता असतो, `8.8.8.8`, आणि त्याबरोबर आत्ता ज्या डब्याच्या हाती द्यायचं त्याचा मॅक पत्ता असतो. गेटवेचा आयपी फक्त हा मॅक पत्ता शोधायला वापरला जातो. कॉम्प्युटर सगळ्यांना विचारतो, `192.168.1.1` कोण? जो डबा हो म्हणेल त्याच्या हाती सामान देतो. त्या डब्याला बाहेर जायची वाट आहे का, हे तो विचारत नाही. म्हणून गेटवेला केलेलं पिंग चालतं, त्याचं सेटिंगचं पानही उघडतं, आणि "राउटरपर्यंत तर जातंय" म्हणून माणूस दुसरीकडे शोधत राहतो.

हो म्हणणारा डबा कोणता, हे पक्कं करता येतं:

```
arp -a 192.168.1.1
```

यात बारा अक्षर-अंकांचा मॅक पत्ता दिसतो, दोन-दोनच्या जोड्यांत. राउटर उलटा करून त्याच्या बुडाच्या स्टिकरवरच्या मॅकशी तो ताडून बघा. शेवटचा एखादा आकडा पुढे-मागे असला तरी गडबडू नका. एकाच डब्यातल्या केबलच्या आणि वायफायच्या बाजूंना पुष्कळदा लागोपाठचे मॅक दिलेले असतात. छपाईखान्यात हा मॅक भिंतीवरच्या नव्या डब्याशी जुळत नव्हता, कागदाच्या गठ्ठ्यामागच्या जुन्याशी जुळत होता. दोन राउटर असलेल्या जागी ही तपासणी मी कधी टाळत नाही, कारण कोणता डबा कोणत्या पत्त्यावर आहे हे मालकांच्या आठवणीवर सोडण्यासारखं नसतं.

आता इलाज. पण चालत्या काउंटरवरच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलण्याआधी निदान बरोबर आहे का, हे बघण्याची एक छान युक्ती आहे. जास्त नेमकी ओळ जिंकते हा नियम मघाशी आला. मग शून्यांच्या ओळीला हात न लावता फक्त एका पत्त्यापुरती वेगळी ओळ घालायची. काळी खिडकी `Run as administrator` करून उघडायची आणि लिहायचं:

```
route add 8.8.8.8 mask 255.255.255.255 192.168.1.254
```

मास्कमध्ये चारही जागी 255 आहे, म्हणजे ही ओळ बरोबर एकाच पत्त्याला लागू पडते आणि त्याच्यापुरती शून्यांच्या ओळीवर मात करते. आता `ping 8.8.8.8` दिलं की उत्तर थेट `8.8.8.8` च्या नावाने आलं. लगेच `ping 1.1.1.1` दिलं, तर त्यावर अजून जुन्याच राउटरचं `Destination net unreachable` येत होतं. एकाच कॉम्प्युटरवरून, एकाच केबलमधून एक पत्ता लागतो आणि दुसरा लागत नाही. फरक फक्त गेटवेचा. यानंतर केबल, अँटिव्हायरस, विंडोज पुन्हा टाकणं वगैरे चर्चा तिथेच संपते. काम झालं की ही ओळ पुसून टाका. विसरलात तरी बिघडत नाही, `-p` लावलेलं नसल्यामुळे कॉम्प्युटर बंद करून चालू केला की ती आपोआप जाते.

```
route delete 8.8.8.8
```

कायमच्या दुरुस्तीसाठी विंडोज आणि आर ही बटणं एकदम दाबून `ncpa.cpl` लिहायचं, केबलच्या जोडणीच्या `Properties` मध्ये `Internet Protocol Version 4` उघडायचं आणि `Default gateway` च्या जागी `192.168.1.254` टाकायचं. पत्ता `192.168.1.25` तसाच राहू द्यायचा, नाहीतर बिलांचा डेटा बाकीच्यांना सापडणार नाही.

एवढं केल्यावर `1.1.1.1` चंही पिंग सुरू झालं, पण ब्राउझर ढिम्म. हे घडणारच होतं. त्याच चौकटीत खाली `Preferred DNS server` च्या पुढेही जुन्याच राउटरचा पत्ता होता. वेबसाइटच्या नावाचा आकडी पत्ता विचारायला कॉम्प्युटर अजून त्याच्याकडेच जात होता, आणि बाहेरची तार नसलेला राउटर कोणाला विचारून सांगणार? तिथेही `192.168.1.254` टाकल्यावर पानं उघडायला लागली. आकड्यांनी पिंग चालतं आणि नावाने काहीच उघडत नाही, असं दिसलं की राउटिंगचा विषय संपला आणि डीएनएसचा सुरू झाला, असं समजावं.

उठण्याआधी `route print -4` पुन्हा एकदा बघून घ्यावं. गेटवे बदलल्यावरही विंडोज कधी कधी जुनी ओळ `Persistent Routes` मध्ये तशीच ठेवतो. मग शून्यांच्या दोन ओळी दिसतात, दोन्हींचं मेट्रिक 281, आणि इंटरनेट कधी चालतं, कधी नाही. बंद पडलेल्यापेक्षा हे लहरी इंटरनेट जास्त छळतं. जुनी ओळ अशी काढायची:

```
route delete 0.0.0.0 mask 0.0.0.0 192.168.1.1
```

शून्यांच्या दोन ओळी आणखी एका प्रकारे येतात, आणि तो प्रकार लॅपटॉपवर जास्त दिसतो. इंटरनेट वायफायवर असतं आणि सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग बघायला एखाद्या वेगळ्या जुन्या राउटरची केबल लावलेली असते. तो राउटरही इमानेइतबारे पत्ता वाटतो आणि गेटवे म्हणून स्वतःचं नाव सांगतो. आता केबलच्या ओळीचं मेट्रिक 25, वायफायच्या ओळीचं त्याहून जास्त, 35 किंवा 50. विंडोज कमी मेट्रिकची वाट धरतो आणि जगाकडे जाणारं सगळं सीसीटीव्हीच्या राउटरकडे पाठवतो. केबल काढली की इंटरनेट सुरू, लावली की बंद, ही त्याची ओळख. इथला इलाज छपाईखान्याच्या उलट आहे. केबलच्या जोडणीला पत्ता हाताने द्यायचा आणि गेटवेची चौकट मुद्दाम कोरी सोडायची. सीसीटीव्ही त्याच नेटवर्कमध्ये असल्याने `On-link` च्या ओळीनेच दिसत राहतो, आणि शून्यांची ओळ फक्त वायफायची उरते.

छपाईखान्यात मी शेवटी आणखी एक सुचवलं. पुढेमागे नवा डबाही बदलेल, तेव्हा पुन्हा हेच व्हायला नको. म्हणून कॉम्प्युटरला पत्ता, गेटवे, डीएनएस सगळं आपोआप घेऊ द्यायचं आणि नव्या डब्याच्या सेटिंगमध्ये त्या कॉम्प्युटरचा मॅक देऊन `192.168.1.25` हा पत्ता त्याच्यासाठी राखून ठेवायचा. पत्ता तोच राहतो आणि गेटवे मात्र जो डबा पत्ते वाटतो तोच सांगतो. बहुतेक राउटरमध्ये ही सोय डीएचसीपीच्या पानावर असते. डबा बदलला तर ही एक नोंद नव्यात पुन्हा करावी लागते, तेवढं काम उरतंच.

राउटिंग टेबलची एक मर्यादा आहे. त्यात फक्त पहिलं पाऊल लिहिलेलं असतं. गेटवे बरोबर आहे, शून्यांची ओळ एकच आहे, मॅक बरोबर डब्याचा आहे, आणि तरीही बाहेर जाता येत नसेल, तर आपल्या कॉम्प्युटरचं टेबल यापुढे काही सांगू शकत नाही. मग `tracert -d 8.8.8.8` देऊन बघायचं. पहिल्या ओळीत `192.168.1.254` आला आणि त्यानंतर नुसत्या चांदण्या आल्या, तर अडचण त्या डब्यात किंवा त्याच्या पलीकडे आहे. आता इंटरनेटवाल्याला फोन लावायला हरकत नाही. पण "नेट चालत नाही" एवढंच सांगू नका. तुमच्या डब्यापर्यंत जातंय, त्याच्या पुढची पहिलीच पायरी उत्तर देत नाही, आणि हे दोन वेगवेगळ्या कॉम्प्युटरवरून बघितलं आहे, असं सांगा. मग तो राउटर बंद-चालू करायला सांगत बसणार नाही. बहुधा माणूस पाठवेल.